सी-ऑफचा अर्ज परत येतो तेव्हा: सुट्टीदिवशी केलेल्या कामाची बदली सुट्टी नेमक्या तारखांनी कशी मागावी

कोल्हापुरातील एका दुचाकी शोरूमच्या कार्यालयात हजेरी आणि पगारपत्रक सांभाळण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. दरवर्षी नोव्हेंबर उजाडला की माझ्या टेबलावर एकाच प्रकारचे अर्ज जमा होतात आणि त्यांतील निम्मे अर्ज एकाच प्रकारच्या शेऱ्याने परत जातात: ‘तपशील अपूर्ण’. अर्जदाराने सुट्टीदिवशी काम केलेले असते, ते सगळ्यांनी पाहिलेले असते, व्यवस्थापकांचाही त्याला नकार नसतो, आणि तरीही बदली सुट्टी, म्हणजे आपल्या बोलीतील सी-ऑफ, मंजूर होत नाही. हा दोष बहुतेक वेळा हक्कात नसून अर्जातील वाक्यात असतो. तो कसा शोधावा आणि कसा दुरुस्त करावा, हे मागील दसरा-दिवाळीतील एका अर्जाच्या आधारे येथे मांडत आहे.

अर्ज आमच्या वर्कशॉपमधील एका तरुण फिटरचा होता. दसऱ्याला गाडी घरी नेण्याची रीत कोल्हापुरात इतकी पक्की आहे की, त्या दिवशी शोरूम बंद ठेवण्याचा विचारही कोणी करीत नाही. दसरा चौकातील सोन्याची लूट सायंकाळी असते, पण आमच्या दारात हार घातलेल्या गाड्यांची रांग सकाळपासून लागलेली असते. साहजिकच फिटर, डिलिव्हरी काउंटर आणि कॅशियर या सर्वांना यावे लागते. या फिटरने ११ नोव्हेंबर २०२५ रोजी दिलेल्या अर्जात एवढेच लिहिले होते: ‘मी दसऱ्याला आणि दिवाळीत सुट्टीदिवशी काम केले आहे, तरी मला पुढच्या महिन्यात दोन दिवस सी-ऑफ मिळावा, ही विनंती.’ राधानगरी तालुक्यातील त्याच्या गावी ऊस तुटायचा होता, टोळी कधी येणार हे जवळपास ठरलेले होते आणि त्याला सोमवारच्या आठवडी सुट्टीला जोडून २ आणि ३ डिसेंबर, म्हणजे मंगळवार आणि बुधवार, हे दिवस हवे होते. अर्ज परत गेल्यावर तो थोडा चिडूनच माझ्याकडे आला आणि म्हणाला, “काका, दसऱ्यादिवशी आलो ते अख्ख्या शोरूमनं बघितलंय, आता तारखा कसल्या मागताय?”

त्याचे म्हणणे माणसाला पटेल असे होते, पण मस्टरला पटणारे नव्हते. मंजुरी देणारा माणूस दोन महिन्यांपूर्वीचा दिवस आठवून सही करीत नाही. तो हजेरीपत्रकातील एक ओळ पाहतो, तिच्यासमोर रजेच्या नोंदवहीत दुसरी ओळ लिहितो आणि त्या दोन ओळी एकमेकींना जोडतो. अर्जात कामाची तारीख नसेल तर पहिली ओळ सापडत नाही, आणि सुट्टीची तारीख नसेल तर दुसरी ओळ लिहिता येत नाही. म्हणून परत आलेला अर्ज हातात घेतल्यावर पहिली तपासणी हीच करावी: मागितलेल्या प्रत्येक दिवसासमोर त्याच्या बदल्यातील कामाचा एकच दिवस बोट ठेवून दाखवता येतो का? वरील अर्जात ‘दोन दिवस’ होते, पण कोणता दिवस कशाच्या बदल्यात, याचा पत्ता नव्हता.

आता ‘दिवाळीत’ हा शब्द पाहा. २०२५ सालची दिवाळी १७ ऑक्टोबरला वसुबारसेने सुरू झाली आणि २३ ऑक्टोबरला भाऊबीजेने संपली. या सात दिवसांपैकी बहुतेक दिवस आमच्यासाठी कामाचेच होते. धनत्रयोदशीला, १८ ऑक्टोबरला, सर्वांनी रात्रीपर्यंत गाड्या दिल्या, पण तो शनिवार होता आणि आमच्या यादीत सुट्टीचा नव्हता, त्यामुळे त्या दिवशीच्या जादा तासांचा प्रश्न ओव्हरटाइमचा होतो, बदली सुट्टीचा होत नाही. फिटरला प्रत्यक्षात म्हणायचे होते ते पहिल्या अंघोळीच्या दिवसाबद्दल. तो दिवस सोमवार, २० ऑक्टोबर होता, आणि सोमवार ही त्याची आठवडी सुट्टी. म्हणजे त्याचा दावा दिवाळीचा नव्हताच, तो आठवडी सुट्टीचा होता. सणाचे नाव लिहिल्यामुळे पाहणाऱ्याने सणाच्या सुट्ट्यांच्या यादीत २० ऑक्टोबर शोधला, तो तेथे नव्हता, आणि अर्ज परत गेला.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. दुकाने आणि आस्थापनांना लागू असलेल्या महाराष्ट्राच्या २०१७ सालच्या अधिनियमात आठवडी सुट्टी आणि सणाची सुट्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठवडी सुट्टी नाकारली गेली तर तिच्या बदल्यातील सुट्टी दोन महिन्यांच्या आत द्यावी लागते. वर्षाच्या आठ पगारी सुट्ट्यांचे तसे नाही. त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या आहेत, आणि उरलेल्या चार वर्ष सुरू होण्यापूर्वी मालक आणि कामगार यांनी मिळून ठरवायच्या असतात. या आठांपैकी एखाद्या दिवशी कामावर ठेवले तर दुप्पट वेतन आणि शिवाय त्याबदल्यात अन्य एखाद्या दिवशी रजा, अशी तरतूद आहे. त्यामुळे अर्जात सुट्टीचा प्रकार चुकला की मुदतही चुकते आणि पैशाचा हिशोबही चुकतो. (शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात काम करणाऱ्यांनी येथील मुदत जशीच्या तशी उचलू नये. तेथे आठवडी सुट्टीची भरपाई ज्या महिन्यात ती सुट्टी येणे होती त्या महिन्यात, किंवा त्याला लागून येणाऱ्या पुढच्या दोन महिन्यांत द्यायची असते.)

दसऱ्याच्या दिवसाने त्या वर्षी आणखी एक पेच टाकला होता. २०२५ साली दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, गुरुवार २ ऑक्टोबरला आली. ‘दसऱ्याची एक आणि गांधी जयंतीची एक’ असे म्हणून एका दिवसाच्या कामाबद्दल दोन दिवस मागणारे दोन अर्ज माझ्याकडे आले होते. ते मंजूर होणे शक्य नव्हते, कारण बदली सुट्टी गमावलेल्या दिवसाची असते, त्या दिवशी साजऱ्या होणाऱ्या प्रसंगांची नसते. माणूस एकच दिवस कामावर आला, तेव्हा त्याचा एकच दिवस येणे राहिला. असे दिवस एकमेकांवर येतात तेव्हा गमावलेल्या सुट्टीची भांडणे नोव्हेंबरात न करता, चार सणांची यादी ठरताना, म्हणजे आदल्या डिसेंबरातच, त्याऐवजी दुसरा सण मागून घ्यावा. त्याच वर्षी गुढीपाडवाही ३० मार्चला रविवारी आला होता, आणि ज्यांची आठवडी सुट्टी रविवारची होती त्यांच्याबाबतीत हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला होता. अर्जात अशा दिवसाचा उल्लेख करताना कंपनीच्या वार्षिक यादीत तो ज्या नावाने छापला आहे तेच नाव लिहावे. आमच्या यादीत ती ओळ ‘२ ऑक्टोबर, गांधी जयंती’ अशी होती, म्हणून अर्जातही तेच नाव गेले, दसरा गेला नाही.

तारीख सापडली म्हणजे काम संपले असे नाही, कारण मस्टरमध्ये त्या तारखेसमोर काय छापले आहे ते अर्ज लिहिण्यापूर्वीच पाहावे लागते. आमच्या हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये सुट्टीदिवशी हजर असल्यास `HP` आणि आठवडी सुट्टीला हजर असल्यास `WOP` अशी खूण येते. फिटरच्या २ ऑक्टोबरच्या ओळीत `HP` नव्हते, तर अपुऱ्या पंचची खूण होती. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, दुसऱ्या दिवशी द्यायच्या गाड्यांची तपासणी करीत तो मध्यरात्रीनंतर थांबला आणि रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी त्याने बाहेर पडतानाचा पंच केला. यंत्राच्या दृष्टीने तोपर्यंत २ ऑक्टोबर सुरू झाला होता. त्यामुळे तो पंच २ तारखेचा पहिला पंच ठरला, सकाळी ८:५० चा आत येण्याचा पंच बाहेर जाण्याचा समजला गेला आणि रात्री ८:१० चा पंच एकटाच लोंबकळत राहिला. १ ऑक्टोबरच्या ओळीतही बाहेर जाण्याची वेळ कोरी होती. एका तारखेला विषम संख्येने पंच दिसले आणि आदल्या तारखेची बाहेरची वेळ रिकामी असली, तर दोष हाच असल्याचे जवळजवळ निश्चित समजावे.

अशा वेळी सी-ऑफचा अर्ज आधी देऊ नये. आधी हजेरी-दुरुस्तीचा अर्ज द्यावा, त्यात तिन्ही पंचच्या वेळा लिहून पहिला पंच १ ऑक्टोबरच्या पाळीचा असल्याचे म्हणावे, आणि दुरुस्त झालेली ओळ स्वतः पाहून मगच सी-ऑफ मागावा. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर मागितल्या की वर्कशॉप प्रमुख म्हणतात हजेरी कार्यालयाचे काम आहे, हजेरी कार्यालय म्हणते मंजुरी प्रमुखांची आहे, आणि कागद दोन टेबलांच्या मध्ये पडून राहतो. आपल्या फिटरचा २० ऑक्टोबरचा दिवस वेगळ्या कारणाने अपुरा होता: सकाळी ९:०५ चा पंच होता, पण घरी फराळाला जाण्याच्या घाईत बाहेरचा पंच राहिला होता. तेथे यंत्राकडून काहीच मिळणार नव्हते. मग त्या दिवशी त्याने सायंकाळी शेवटची गाडी तयार करून दिली तिचे जॉब कार्ड काढले. त्यावर तारीख, वेळ आणि त्याची सही होती. फाटकावरील नोंदवही, डिलिव्हरी चलन किंवा पर्यवेक्षकाचे लेखी प्रमाणपत्र यांपैकी काहीही चालते, मात्र ते त्या दिवसाचे असावे. नोव्हेंबरात लिहून घेतलेल्या आठवणीपेक्षा ऑक्टोबरातील मळकट जॉब कार्ड नेहमी जास्त वजनदार ठरते.

याच ठिकाणी आणखी एक आक्षेप येतो: ‘तुम्हाला कोणी बोलावले होते?’ हा आक्षेप ऐकून राग येतो हे खरे, पण तो अगदीच निराधार नसतो, कारण सुट्टीदिवशी आपणहून येऊन दोन तास बसलेल्या माणसालाही पंच असतोच. दसऱ्याच्या कामाचा आदेश फळ्यावर लागला होता, त्यामुळे तेथे अडचण नव्हती. २० ऑक्टोबरला मात्र वर्कशॉप प्रमुखांनी आदल्या सायंकाळी तोंडी सांगितले होते. सुदैवाने फिटरने त्याच रात्री त्यांना ‘साहेब, उद्या सोमवारी ९ वाजता येतो’ असा संदेश पाठवला होता आणि त्यांनी त्यावर ‘हो’ असे उत्तर दिले होते. त्या एका अक्षरामुळे अर्ज वाचला. तोंडी आदेश मिळाल्यावर त्याच दिवशी, तारीख आणि वार लिहून, असा एक ओळीचा संदेश पाठवण्याची सवय ठेवावी.

आता मुदत. आमच्या कंपनीच्या रजा नियमात ‘कामाच्या दिवसापासून ६० दिवसांच्या आत’ असे लिहिले आहे, आणि लोक ते दोन महिने असे वाचतात. या दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. कामाचा दिवस सोडून दुसऱ्या दिवसापासून मोजले तर २ ऑक्टोबरनंतरचा साठावा दिवस १ डिसेंबर येतो, तर दोन महिने २ डिसेंबरला पुरे होतात. फिटरला २ डिसेंबर हवा होता, आणि २ ऑक्टोबरच्या बदल्यात तो मागितला असता तर मुदत एका दिवसाने टळली असती. २० ऑक्टोबरचा साठावा दिवस १९ डिसेंबर होता आणि दोन महिने २० डिसेंबरला पुरे होत होते, म्हणून त्या दिवसाची अडचण नव्हती. आठवडी सुट्टीबाबत कायद्याचे दोन महिने कंपनीच्या ६० दिवसांपेक्षा बहुतेक वेळा एखाद्या दिवसाने जास्त भरतात, आणि त्या एका दिवसावरून वाद घालता येतो, हे मला माहीत आहे. पण उसाची टोळी दारात उभी असताना तो वाद घालण्यात अर्थ नाही. जी मुदत आधी संपते तिच्या आत तारीख बसवावी.

आम्ही ती अशी बसवली. जुना दिवस आधी वापरायचा म्हणून २ ऑक्टोबरच्या बदल्यात रविवार, ३० नोव्हेंबर घेतला. मधला सोमवार, १ डिसेंबर ही त्याची नेहमीची आठवडी सुट्टी होती, ती कशाच्याही बदल्यात मोजायची नव्हती. २० ऑक्टोबरच्या बदल्यात मंगळवार, २ डिसेंबर घेतला. सलग तीन दिवस मिळाले आणि दोन्ही दिवस मुदतीत राहिले. टोळीला एक दिवस आधी बोलावण्याचे काम त्याच्या थोरल्या भावाने केले. नवा अर्ज गुरुवार, १३ नोव्हेंबर रोजी गेला, तो असा होता:

प्रति,
मा. व्यवस्थापक,
मार्फत: वर्कशॉप प्रमुख

विषय: दि. २ ऑक्टोबर २०२५ आणि दि. २० ऑक्टोबर २०२५ रोजी केलेल्या कामाबद्दल दोन दिवसांची बदली सुट्टी मिळणेबाबत.

महोदय,
कंपनीच्या २०२५ च्या सुट्ट्यांच्या यादीतील ‘गांधी जयंती’ या सुट्टीच्या दिवशी, गुरुवार दि. २ ऑक्टोबर २०२५ रोजी, मी सूचना फलकावरील आदेशानुसार सकाळी ८:५० ते रात्री ८:१० या वेळेत कामावर होतो. तसेच माझ्या आठवडी सुट्टीच्या दिवशी, सोमवार दि. २० ऑक्टोबर २०२५ रोजी, वर्कशॉप प्रमुखांच्या सूचनेनुसार मी सकाळी ९:०५ पासून सायंकाळी ६:३० पर्यंत कामावर होतो. त्या दिवशीचा बाहेर जाण्याचा पंच राहिल्यामुळे जॉब कार्डची प्रत आणि सूचनेच्या संदेशाची प्रत सोबत जोडली आहे. या दोन्ही दिवसांबद्दल मी यापूर्वी बदली सुट्टी घेतलेली नाही.

दि. २ ऑक्टोबर २०२५ च्या बदल्यात रविवार दि. ३० नोव्हेंबर २०२५ रोजी, आणि दि. २० ऑक्टोबर २०२५ च्या बदल्यात मंगळवार दि. २ डिसेंबर २०२५ रोजी मला बदली सुट्टी मंजूर करावी, ही विनंती. यांपैकी एखादा दिवस कामाच्या सोयीने देता येत नसल्यास, पहिल्या दिवसासाठी दि. १ डिसेंबर २०२५ पूर्वीचा आणि दुसऱ्या दिवसासाठी दि. १९ डिसेंबर २०२५ पर्यंतचा दुसरा दिवस लेखी कळवावा.

या अर्जात महिना अक्षरांत लिहिला आहे तो मुद्दाम. ०२/१०/२५ असे लिहिले की एखादे सॉफ्टवेअर ते १० फेब्रुवारी असे वाचते, आणि माणूसही कधीकधी तसेच वाचतो. तारखेसोबत वार लिहिण्याचे कारण वेगळे आहे: एखादा आकडा चुकला तर वार त्याच्याशी जुळत नाही आणि वाचणारा थांबून विचारतो. सुट्टी कशासाठी हवी, हे अर्जात कोठेही नाही. ही सुट्टी आधीच कमावलेली आहे, ती किरकोळ रजेसारखी कारणावर अवलंबून नसते, आणि कारण लिहिले की चर्चा उसाकडे वळते. दुप्पट वेतनाचा उल्लेखही येथे जाणूनबुजून टाळला आहे. ते ऑक्टोबरच्या पगारपत्रकात आले नसेल तर त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा, नाहीतर ‘पैसे की रजा, एक काय ते सांगा’ असे उत्तर येते आणि दोन्ही लांबतात.

शेवटच्या वाक्याचा उपयोग पुष्कळांच्या लक्षात येत नाही. गर्दीच्या काळात व्यवस्थापक तारीख नाकारू शकतात, ते त्यांचे कामच आहे. पण अर्जात पर्यायी दिवस लेखी मागितला असेल तर मुदत संपल्यावर ‘तुम्ही मागितलीच नाही’ असे म्हणता येत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच आणि पोचेची तारीख घ्यावी, कारण मुदत टळली असा वाद पुढे निघाला तर अर्ज कधी दिला हेच पाहिले जाते. पोच असूनही दोन्ही मुदती उत्तराविना निघून गेल्या, तर कामगार आयुक्त कार्यालयात जाताना हाच कागद लागतो. आमच्या फिटरवर तशी वेळ आली नाही, दोन्ही दिवस १७ नोव्हेंबरला मंजूर झाले.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मात्र तो पुन्हा माझ्या टेबलापाशी उभा होता. नोव्हेंबरच्या पगारपत्रकात सी-ऑफच्या रकान्यात एकच आकडा होता आणि दुसरा दिवस बिनपगारी गेला, अशी त्याची समजूत झाली होती. ३० नोव्हेंबर नोव्हेंबरच्या पत्रकात येतो आणि २ डिसेंबर डिसेंबरच्या पत्रकात, हे त्याला रजेच्या नोंदवहीतील दोन्ही ओळी दाखवून सांगितले. त्याने त्या ओळींचा मोबाइलवर फोटो काढला आणि विचारले, “काका, जानेवारीत सव्वीस तारखेला पण सोमवारच हाय, मग त्याचं दोन दिवस मिळतील का?” मी त्याला २ ऑक्टोबरचीच ओळ पुन्हा दाखवली.